विमा कंपनीला पहिली खबर

गाडीचं नुकसान फार नव्हतं. डाव्या बाजूचा हेडलाइट फुटला होता, बंपर एका कडेने निसटला होता आणि चाकावरचा पत्रा आत दबला होता. गॅरेजमधल्या मुलाने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "किरकोळ आहे, मॅडम." मला मात्र आदल्या दिवसापासून किरकोळ हा शब्द ऐकवत नव्हता.

आदल्या दिवशी रविवार होता. वडील डोळे दाखवायला सटाण्याहून आले होते, त्यांना घेऊन मी द्वारका चौकातून घरी निघाले होते. चौकाची गर्दी मागे पडल्यावर मी सर्व्हिस रोडला वळले. वेग अगदी कमी होता. समोरून, म्हणजे उलट्या बाजूने, अगदी कडेला धरून एक मोपेड येत होती. एक माणूस चालवत होता, मागे त्याची बायको मांडीवर रिकामी टोपली घेऊन बसली होती. मी ब्रेक दाबला, त्यानेही दाबला असावा, पण मोपेडचं हँडल माझ्या डाव्या दिव्यावर आदळलं आणि दोघं बाजूला पडले.

माणूस लगेच उठला. बाई उठली नाही. पडल्या जागी बसली आणि हाताने डोक्याची मागची बाजू चाचपू लागली. रक्त नव्हतं. मी गाडीतून उतरून तिच्याजवळ गेले तेव्हा ती म्हणाली, "जरा गरगरतंय. व्हईल कमी."

मी म्हटलं, "चला, डॉक्टरकडे जाऊ. गाडी आहे."

"नाय वो ताई," नवरा घाईने म्हणाला. "मुका मार हाय. तिला काय नाय झालं."

तेवढ्यात वडील पुढे आले. आयुष्यभर कांदा पिकवलेला माणूस, दुसऱ्या शेतकऱ्याला पाहिलं की त्याच्या शेतात जाऊन बसतो. त्यांनी बाईला पाणी दिलं, कडेच्या टपरीवरून गोड चहा मागवला आणि विचारलं, "कुठलं गाव? काय लावलंय?" माणूस म्हणाला, मखमलाबादच्या पुढे वीस गुंठे झेंडू आहे, फूलबाजारात माल टाकून घरी चाललोय. दोघं पाच-सात मिनिटं झेंडूवर पडलेल्या करप्याविषयी बोलले. बाई चहाचा पेला हातात धरून बसली होती. तिने तो प्यायला नाही, हे मी पाहिलं होतं.

मी फोन काढला. गाडीचे फोटो घेतले, मोपेडचा नंबर दिसेल असा एक घेतला. मग माणसाचा नंबर विचारला, तर वडिलांनी मला खूण केली.

"राहू दे, पोरी. त्यांना वाटंल आपण पोलिसांत चाललो." आणि त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, काही लागलं-सवरलं तर आमच्यावर. माझी जबान शे, शब्द दिला."

माणसाने हात जोडले. बाईला मागे बसवलं, आणि ते गेले. जाताना ती त्याच्या पाठीला डोकं टेकून बसली होती.

रात्री जेवताना वडील एकदा म्हणाले, "ती बाई बोलली नाय फारशी." मी म्हटलं, घाबरली असेल. 

सोमवारी सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गाडी गॅरेजला नेली. वडीलही आले, घरी बसून काय करू, म्हणाले. गॅरेजमध्ये काचेच्या खोलीत एक टेबल होतं, त्यावर 'इन्शुरन्स' अशी पाटी. टेबलामागचा तरुण बोलायला चुणचुणीत आणि मनाने चांगला होता, हे मी आधीच सांगते. त्याने मला जे सुचवलं ते तो रोज अनेकांना सुचवत असणार.

"पॉलिसी, आरसी, लायसन्स द्या. कंपनीला आधी मेल टाकायचा, मग क्लेम नंबर येतो, मग सर्व्हेअर गाडी बघायला येतो. तोपर्यंत एक स्क्रूसुद्धा उघडायचा नाही. कुठे धडकली?"

मी सांगू लागले. मोपेडपर्यंत आल्यावर त्याने हात वर केला.

"थांबा, थांबा. मोपेडवाला नाही. डिव्हायडर."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही डिव्हायडरला घासली. मी तुम्हाला फॉरमॅट पाठवतो, फक्त तारीख टाका."

फोन वाजला. इंग्रजीतला तयार मजकूर होता. वाहन वळवत असताना दुभाजकाला घासले. तिसऱ्या व्यक्तीचा संबंध नाही. कुणालाही इजा नाही. पोलीस तक्रार नाही. तारखेच्या आणि वेळेच्या जागी टिंबं होती. कुणाचीही गाडी, कुठलाही अपघात त्यात बसला असता.

"पण बाई पडली होती," मी म्हटलं.

"उठली ना?"

"उठली."

"चहा प्यायली ना?"

"नाही प्यायली."

तो हसला. "मॅडम, तुम्ही अकाउंट्सवाल्या दिसता. हे बघा, इजा लिहिलीत की पोलिसांत कळवावं लागतं, मग पंचनामा, मग जबाब. गाडी इथे अडकून पडेल. आणि काका, तुम्ही त्यांना काही वचन-बिचन दिलं नाही ना?"

वडील कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. "दिलं," ते म्हणाले. "काही झालं तर आमच्यावर, म्हणलो."

तरुणाने कपाळाला हात लावला. "काका, तेच करायचं नसतं. पॉलिसीत सरळ लिहिलंय, कंपनीला विचारल्याशिवाय कबुली द्यायची नाही, आश्वासन द्यायचं नाही, काही देऊन मिटवायचं नाही. तुम्ही बोललात ते कुठे बोलू नका आता."

"मग माणूस पडला तर काय तोंड फिरवून जायचं का रे बाबा?"

"तसं नाही हो काका. पाणी द्यायचं. दवाखान्यात न्यायचं. पण शब्द नाही द्यायचा."

 मी वडिलांच्या शेजारी जाऊन बसले आणि फोनवर पॉलिसी उघडली. मी बी.कॉम. आहे, आमच्या घरातली पहिली. कागद शेवटपर्यंत वाचायचा, हे मला सटाण्याच्या शाळेतल्या बाईंनी शिकवलं. विषय, संदर्भ, मग काय घडलं ते घडलं त्या क्रमाने. अर्जात आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नसतं, असं त्या म्हणायच्या. त्यांचे उपकार माझ्यावर किती आहेत ते मी मोजत नाही. पण त्या सकाळी पॉलिसीतल्या अटी वाचताना मला त्यांचा थोडा रागही आला. ज्याला वाचता येत नाही तो तारीख टाकून मोकळा होतो.

अटींत त्या तरुणाने सांगितलेलं होतं. शिवाय अपघात झाल्यावर ताबडतोब लेखी कळवायचं, आणि समोरच्याकडून नोटीस किंवा समन्स आलं तर तेही लगेच पाठवायचं, असंही होतं. मग मी मोटार वाहन कायद्यातलं कलम शोधून वाचलं. कुणाला इजा झाली असेल तर चालकाने त्याच्या उपचाराची व्यवस्था करायची, पोलिसांना चोवीस तासांत कळवायचं, आणि विमा कंपनीला लिहायचं : पॉलिसी क्रमांक आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ, जागा, जखमींचा तपशील, चालकाचं नाव आणि लायसन्स.

जखमींचा तपशील. मला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

मी तरुणाला विचारलं, "समजा डिव्हायडर लिहिलं, आणि उद्या त्या बाईला काही झालं, तर?"

तो लगेच उत्तर देईल असं वाटलं होतं. त्याने आधी खोलीचं दार लोटलं.

"तर अवघड आहे," तो म्हणाला. "ते भरपाई मागायला ट्रिब्युनलला गेले तर कंपनी म्हणणार, आम्हाला खोटं कळवलं. बाईला दिलंच कंपनीने, तरी तुमच्याकडून वसूल करायला बघणार. पण ते जाणार नाहीत. नंबर आहे ना मोपेडचा? द्या." त्याने आपल्या फोनमधल्या ॲपवर नंबर टाकला. मालकाच्या नावाची अक्षरं मध्येमध्ये फुल्यांनी झाकलेली होती. "हे बघा. इन्शुरन्स कधीच संपलाय. राँग साइडने आले. हा माणूस पोलिसांच्या जवळपास फिरकणार नाही. दवाखान्यातसुद्धा घाबरत जाईल. तुम्ही निवांत राहा."

मी वडिलांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दवाखान्यात जाणार नाय म्हणतो का हा?" त्यांनी मला हळूच विचारलं.

तिथेच बसून मी मेल लिहिला. इंग्रजीत लिहिला, पण सोपं लिहिलं. विषयात पॉलिसी क्रमांक, गाडीचा नंबर आणि 'अपघाताची पहिली सूचना, त्रयस्थ व्यक्तीस संभाव्य इजा' असं घातलं. खाली पॉलिसीची मुदत. तारीख, अंदाजे वेळ, जागा. गाडी मी स्वतः चालवत होते, लायसन्स क्रमांक अमुक, मुदत अमुक. सोबत वडील होते. काय घडलं ते पाच वाक्यांत. मोपेड उलट्या बाजूने येत होती हे लिहिलं, कारण ते खरं होतं. चूक कुणाची हे लिहिलं नाही. मोपेडचा नंबर. माझ्या गाडीचं नुकसान, कोणत्या बाजूला आणि काय. गाडी चालवून गॅरेजला आणली आहे, दुरुस्ती सुरू केलेली नाही, सर्व्हेसाठी इथे उभी आहे, पत्ता असा. पोलिसांना अद्याप कळवलेलं नाही, आजच कळवत आहे. फोटो सोबत.

इजेच्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. शेवटी लिहिलं : मोपेडवर मागे बसलेली एक महिला, वय अंदाजे चाळीस, नाव माहीत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला मार. चक्कर येत असल्याचं तिने सांगितलं. उपचार घेतले का, ते माहीत नाही. तिचा शोध घेत आहे. आणि त्याखाली : माझ्या वडिलांनी जागेवर तोंडी मदतीचं आश्वासन दिलं होतं; लेखी काही दिलेलं नाही, पैसे दिलेले नाहीत.

'शोध घेत आहे' हे लिहीपर्यंत मी कुठलाही शोध घेत नव्हते. लिहिल्यावर मात्र घ्यावा लागणार होता. मी मेल पाठवला. थोड्या वेळाने क्लेम क्रमांकाचा मेसेज आला, त्यात 'आपण सुरक्षित असाल अशी आशा आहे' असं एक यंत्राने लिहिलेलं वाक्य होतं.

"पाठवलात?" तरुणाने विचारलं. "सगळं?"

"सगळं."

"काका, तुमची लेक भारी आहे," तो म्हणाला. पण तो हसत नव्हता.

आम्ही रिक्षा करून पंचवटीतल्या फूलबाजारात गेलो. माल संपत आला होता, जमिनीवर ओल्या गोणपाटांचे ढीग होते. वडील एकेका पाटीपुढे उभे राहून विचारत होते, मखमलाबादच्या पुढचा, झेंडूवाला, जुनी मोपेड, बायको सोबत असते. एका म्हातारीने हार ओवता ओवता मान वर केली.

"तिला शोधता व्हय? आज आली नाय. तो एकटाच आला, माल टाकला न् गेला. म्हणे, उठंना."

"उठंना म्हणजे?" मी विचारलं.

"झोपली म्हणे कालपासनं. पित्त झालंय. उलट्या." तिने दोरा दाताने तोडला. "तुमी कोण तिच्या?"

वडील म्हणाले, "पाहुणे." मला दुसरा शब्द सुचला नसता. तिने घराची खूण सांगितली.

त्याच रिक्षाने आम्ही मखमलाबादच्या पुढे गेलो. वस्ती पत्र्याची होती, मागे झेंडू पिवळाधमक उभा होता. आम्हाला पाहताच नवरा दारात आला आणि दार अडवून उभा राहिला.

"ताई, तुमी कशाला आल्या? आमचं काय म्हणणं नाय. कायबी मागितलं नाय आमी."

"ताई कशा आहेत?"

"झोपलीय. मुका मार हाय, झोपेनंच जातो. तेल चोळलंय, हळदीचं दूध पाजलं."

"ठरलं का पोटात?" वडिलांनी विचारलं.

माणूस दारातून हलला नाही. वडील त्याला बाजूला करून आत गेले, मी त्यांच्या मागे. ती गोधडीवर कुशीला होती. मी हाक मारली. डोळे उघडले नाहीत, पण ओठ हलले. वडिलांनी तिचा हात उचलला आणि सोडला. तो हात जसा पडला, ते मी अजून विसरलेले नाही.

"उचल," वडील नवऱ्याला म्हणाले. "उचल तिला. आत्ताच्या आत्ता."

सरकारी रुग्णालयात पोचेपर्यंत नवरा रिक्षात एकच वाक्य म्हणत राहिला : "ताई, बाथरूममधी पडली म्हणायचं. काय बी झालं तरी बाथरूम." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. अपघात विभागात तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि वळून विचारलं, "काय झालं होतं? केव्हा?"

"बाथरूममधी पाय घसरला," नवरा म्हणाला. "आज सकाळी."

"नाही," मी म्हटलं. "काल दुपारी. माझ्या गाडीशी धडक झाली, ह्या बाई मोपेडवरून रस्त्यावर पडल्या. डोक्याची मागची बाजू आपटली. तेव्हापासून चक्कर होती, आता उलट्या आणि झोप."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच स्कॅनसाठी स्ट्रेचर हलवायला सांगितलं. जाता जाता म्हणाल्या, "पोलीस केस आहे ही. चौकीवर नोंद होईल. कालपासून आणि सकाळपासून यात खूप फरक असतो, काका."

काका म्हणजे तो नवरा. तो भिंतीला टेकून खाली बसला. मग माझ्याकडे पाहून सावकाश म्हणाला, "तुमचं काय जातंय, ताई? तुमचा इन्शुरन्स हाय. माझ्याकडं ना लायसन, ना कागद. राँग साइडला होतो. मला आत टाकतील. तिच्यापाशी कोण बसंल?"

मी त्याच्याजवळ खाली बसले. जे गॅरेजमध्ये आणि कलमांत कळलं होतं ते त्याला सांगायचा प्रयत्न केला. मागे बसलेला माणूस गाडी चालवत नसतो, तिची चूक कुणी म्हणणार नाही. तिला माझ्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येते, पण अपघात कागदावर असला तरच. बाथरूमला कुणी भरपाई देत नाही.

"कागद," तो म्हणाला.

चौकीवरच्या हवालदाराने माझा जबाब घेतला, लायसन्स आणि आरसीच्या प्रती ठेवून घेतल्या. तो लिहीत असताना स्कॅनचं कळलं. कवटीच्या आत रक्त साचलं होतं. शस्त्रक्रिया करावी लागेल, पुढचं आत्ता काही सांगता येत नाही. वडील त्या नवऱ्याशेजारी बसले होते. दोघांमध्ये एका माणसाची जागा मोकळी होती, आणि ती नवऱ्याने ठेवली होती.

मी बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन दुसरा मेल लिहिला. संदर्भ, क्लेम क्रमांक. सकाळच्या सूचनेत उल्लेख केलेल्या महिलेचं नाव आता कळलं आहे, ते असं. तिला आज रुग्णालयात दाखल केलं आहे, डोक्याला गंभीर इजा, शस्त्रक्रिया सुरू. पोलिसांत नोंद झाली आहे. 'संभाव्य' हा शब्द सकाळी लिहिला होता, तो आता लिहिला नाही.  आत ती जगावी म्हणून मी देवाची प्रार्थना करत होते, आणि त्याच वेळी ती माझ्या गाडीने जखमी झाली याचा पुरावा मीच स्वतःच्या हाताने पूर्ण करत होते.

ती जगली. उजवा हात पूर्वीसारखा चालत नाही. हार ओवायला बसते, दोरा सुटतो. माझ्या गाडीचा सर्व्हे झाला, दुरुस्ती झाली, ती मी आजही चालवते. तिच्या भरपाईचा दावा न्यायाधिकरणात आहे. विमा कंपनीचे वकील मला सांगतात, तुम्ही पहिल्या दिवशी सगळं कळवलंत म्हणून तुमची बाजू स्वच्छ आहे. आणि तिचे वकील तोच मेल दाखवून म्हणतात, ह्या बाईंनीच इजा मान्य केली आहे. दोघंही खोटं बोलत नाहीत.

तिच्या नवऱ्याने जबाबात लिहून दिलं आहे की तो बरोबर बाजूने येत होता आणि मी समोरून राँग साइडने आले. कंपनीच्या वकिलांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. वडिलांना वाटलं. ते एका तारखेला मुद्दाम सटाण्याहून आले, न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात त्याच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, मी होतो ना तिथं." 

त्याच तारखेला ती माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली. वकिलांनी आम्हाला एकमेकींशी बोलू नका असं बजावलं होतं. तिच्या डोक्यावरचा पदर थोडा सरकलेला होता, केस आखूड उगवले होते. तिला त्या रविवारचं काही आठवत नाही. मोपेड, रस्ता, मी, चहा, काहीच नाही. तिच्याकडे आहेत फक्त दोन हकिकती, माझी आणि तिच्या नवऱ्याची.

ती हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, आमचे म्हणत्यात तुमी उलट्या आल्या. तुमी म्हणता आमी उलटे आलो. घरी मला त्यांच्यासंगं ऱ्हायचंय." मग माझ्याकडे पाहिलं. "मला खरं सांगा. मी कुणाचं धरू?"

आत आमचं प्रकरण पुकारलं. ती माझ्या उत्तरासाठी थांबून राहिली, उठली नाही.